तीन बिंदू तर जुळणारच! चौथा कुठे आहे?



विज्ञान प्रदर्शनात हल्ली दर तिसऱ्या टेबलावर एक छोटा बोर्ड, चार वायरी आणि आकडा दाखवणारी स्क्रीन असते. 'स्मार्ट तापमान यंत्र' असं काहीतरी नाव असतं. परीक्षक येतात, आकडा बघतात, 'छान' म्हणतात आणि पुढे जातात. तो आकडा खरा आहे हे तुला कसं कळलं, असं मुलाला विचारलेलं मी फार कमी वेळा ऐकलं आहे. मीही विचारत नव्हतो. पोखर्णीतल्या आमच्या मुलांच्या एका प्रकल्पाने मला ती सवय लावली, तीच हकिगत सांगतो. यात थोडी आकडेमोड येईल. पण ती दहावीच्या बीजगणितातली आहे, तेव्हा घाबरू नका.

प्रकल्प अगदी साधा होता. शाळेत एक खोली पत्र्याची आहे आणि एक स्लॅबची. परभणीकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दुपारच्या तासाला पत्र्याखाली बसणाऱ्या मुलांचं म्हणणं होतं की, 'सर, आमची खोली लई तापते.' किती तापते ते मोजू आणि आकडे घेऊन शाळा व्यवस्थापन समितीकडे अर्ज करू, असं ठरलं. दोन थर्मिस्टर आणले. दुकानदाराच्या कागदावर '10K, B = 3950' एवढंच लिहिलं होतं. मुलांनी तयार प्रोग्रॅम मिळवून बोर्डात टाकला. पहिल्याच आठवड्यात निकाल आला की दुपारी दोन वाजता पत्र्याची खोली तीन अंशांनी जास्त गरम असते. अर्जाचा मसुदासुद्धा लिहून झाला.

मग एका मुलीने सहज दोन्ही सेन्सर एकाच पेल्यातल्या माठाच्या पाण्यात घातले. एकाने २५.३ दाखवलं आणि दुसऱ्याने २४.३.

पाणी तेच, पेला तोच, आणि फरक एक अंशाचा! जास्त दाखवणारा सेन्सर नेमका पत्र्याच्या खोलीत लावलेला होता. म्हणजे आमच्या तीन अंशांतला एक अंश पत्र्याचा नव्हताच, तो सेन्सरचा होता. 'सर, एक खराब निघाला, बदलून आणू,' असं मुलं म्हणाली. खराब कोणीच नव्हतं. स्वस्त थर्मिस्टरचा रोध २५ अंशाला १० किलो-ओहम असतो असं कागद म्हणतो, पण त्यात पाच टक्के इकडे-तिकडे चालतं. खोलीच्या तापमानाला एक अंश वाढला की थर्मिस्टरचा रोध साधारण साडेचार टक्क्यांनी कमी होतो. तेव्हा पाच टक्क्यांची सूट म्हणजे अंशाहून थोडी जास्त सूट. आमच्या एकाचा रोध त्या पाण्यात ९.८५ किलो-ओहम भरला आणि दुसऱ्याचा १०.३. दोघंही कागदाप्रमाणे बरोबरच होते.

इथे कॅलिब्रेशन, म्हणजे पुस्तकी भाषेत अंशशोधन, गरजेचं होतं. ज्यांची तापमानं आपल्याला आधीपासून माहीत आहेत अशा तीन जागी सेन्सरचा रोध मोजायचा आणि त्यावरून त्या एका सेन्सरचं स्वतःचं समीकरण काढायचं. दुकानदाराचा B = 3950 हा सगळ्यांसाठी शिवलेला एकाच मापाचा गणवेश आहे. आपल्याला आपल्या मुलाच्या मापाचा शिवायचा आहे.

समीकरण हे असं:

```
1/T = A + B·L + C·L³      (L = ln R)
```

T म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान, R म्हणजे ओहममधला रोध. स्टाइनहार्ट आणि हार्ट या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये ते मांडलं, तेही समुद्रविज्ञानाच्या नियतकालिकात, कारण समुद्राच्या पाण्याची तापमानं बारकाईने मोजण्यासाठी थर्मिस्टर वापरले जात होते. A, B, C हे तीन अज्ञात आकडे आहेत. (यातला B आणि कागदावरचा 3950 वाला B वेगळे आहेत. नाव एकच असल्याने मुलं हमखास गोंधळतात.) अज्ञात तीन, म्हणून मोजमापं तीन.

आता या लेखाचा मुद्दा. दोन बिंदूंतून एक रेषा नेहमीच जाते, बिंदू चुकीचे असले तरी जाते. तसंच तीन अज्ञातांचं समीकरण तीन बिंदूंतून जाणारच. तुम्ही बर्फाला ५ अंश म्हणा किंवा उकळत्या पाण्याला ११० म्हणा, ते तुमच्या तीनही आकड्यांशी तंतोतंत जुळून दाखवेल. म्हणून 'सर, तिन्ही ठिकाणी एरर शून्य आला' असं मुलगा सांगतो तेव्हा त्याने काहीच सिद्ध केलेलं नसतं. आम्हाला हे फजिती झाल्यावर कळलं.

पहिल्या फेरीत आम्ही तीन बिंदू असे घेतले: बर्फ म्हणजे ० अंश, माठाचं पाणी प्रयोगशाळेतल्या लाल द्रवाच्या थर्मामीटरने २४.० अंश, आणि उकळतं पाणी म्हणजे १०० अंश. पहिल्या सेन्सरचे रोध अनुक्रमे ३२.२ किलो-ओहम, ९.८५ किलो-ओहम आणि ६९४ ओहम आले. शीटमध्ये गणित केलं, तिन्ही बिंदू जुळले आणि टाळ्या झाल्या.

चौथा बिंदू घ्यायची कल्पना आमच्यातल्या एका बाईंची. त्यांच्या पर्समध्ये ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर होतं. स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूंमध्ये इतकं नेमकं साधन दुसरं मला माहीत नाही. त्याच्या पाकिटावर बहुतेक वेळा ±०.१ अंश अचूकता लिहिलेली असते. मात्र ते साधारण ३५ ते ४२ अंशांतच चालतं. त्याची आणखी एक खोड आहे, ते सर्वांत जास्त तापमान धरून ठेवतं. थर्मासमधलं पाणी निवत असताना ते जुनाच आकडा दाखवत बसेल. म्हणून पाणी ढवळून स्थिर होऊ द्यायचं, सेन्सरचा रोध हलायचा थांबला की थर्मामीटर बंद करून पुन्हा चालू करायचं, आणि मग वाचायचं. आम्ही कोमट पाणी थर्मासमध्ये भरलं. थर्मामीटरने ३९.० दाखवलं. सेन्सरचा रोध ५.४६ किलो-ओहम होता. आमच्या 'एरर शून्य' समीकरणात तो घातला तर उत्तर आलं ३७.८.

एक अंश आणि वर दोन दशांश कमी. तापाच्या माणसाला शाळेत पाठवण्याइतका फरक!

कोण खोटं बोलतंय हे शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. खरं तर उत्तर शीटमध्ये आधीपासूनच होतं. आमचा C ऋण आला होता. अशा थर्मिस्टरसाठी A साधारण एक हजारांशाच्या आसपास येतो, B साधारण दोन दशसहस्रांशाच्या पुढेमागे, आणि C धन असून फार बारीक, १०⁻⁷ च्या घरातला. C ऋण आला तर बिंदूंत काहीतरी चुकलंय असा संशय घ्यायचा. हे मला आधी माहीत असतं तर टाळ्या वाजल्या नसत्या.

पहिला चोर सापडला तो प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरमध्ये. ते बर्फात बुडवलं तर उणे एक दाखवत होतं. उजेडात धरून पाहिलं तर लाल द्रवाचा बारीकसा तुकडा नळीच्या पार वरच्या टोकाला चिकटलेला होता. तेवढा द्रव खालच्या स्तंभातून कमी झाला म्हणून सगळीकडेच एक अंश कमी. बर्फ ० असतो म्हणून आम्ही थर्मामीटर बर्फात घातलंच नव्हतं! तुमच्या प्रयोगशाळेतली थर्मामीटरं आजच बर्फात बुडवून बघा, मला पैजेवर सांगता येईल की एखादं तरी निघेल.

दुसरा चोर पाठ्यपुस्तकातला. पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण पाचवीपासून घोकून घेतो, पण ते समुद्रकाठच्या हवेच्या दाबाला. परभणीचा भाग समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटर उंचावर आहे. साधारण ३०० मीटर वर गेलं की उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. म्हणजे पोखर्णीत पाणी ९८.७ च्या आसपास उकळतं. हवेचा दाब उन्हाळ्यात थोडा कमी आणि थंडीत जास्त असतो, म्हणून ऋतूप्रमाणे त्यातही दोन-तीन दशांश हलतात. मुलांचा यावर विश्वासच बसेना, आणि त्यात एक गंमत झाली. दुकानदाराचं B = 3950 वालं सूत्र उकळत्या पाण्यातल्या ६९४ ओहमला १००.२ अंश सांगत होतं. 'बघा सर, शंभरच आलं!' पुस्तक शंभर म्हणतं, दुकानदार शंभर म्हणतो, दोघांनी एकमेकांना साक्ष दिली, आणि दोघंही आमच्या गावापुरते चूक. बर्फात तेच सूत्र ०.८ अंश दाखवत होतं, तेव्हा कुठे मुलं नरमली.

दुसऱ्या फेरीसाठी नवीन काही मोजावं लागलं नाही, बिंदूंची कामं तेवढी बदलली. बर्फ ०.०, तापाच्या थर्मामीटरचं कोमट पाणी ३९.० आणि उकळतं पाणी ९८.७ हे तीन समीकरणासाठी घेतले. माठाचं पाणी बाहेर ठेवलं. एक अंशाची दुरुस्ती करून ते २५.० झालं होतं. ते आता समीकरणाला दाखवायचंच नाही, फक्त शेवटी तपासायला वापरायचं.

गणित इथे पूर्ण देतो, कारण तयार कॅलक्युलेटरमध्ये तीन आकडे टाकून A, B, C उचलणारी मुलं मी पाहिली आहेत आणि मला ते पटत नाही. दहावीच्या बीजगणिताचं पहिलंच प्रकरण 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हे आहे. मुलं दरवर्षी विचारतात की याचा उपयोग काय. हा घ्या. आधी तापमानात २७३.१५ मिळवून केल्व्हिन करायचं, त्याचा व्यस्त घ्यायचा, आणि रोधाचा ln व त्याचा घन काढायचा:

```
 t °C     R (ohm)    L = ln R     L³         1/T
  0.0      32200     10.3797    1118.30    0.00366099
 39.0       5460      8.6052     637.21    0.00320359
 98.7        694      6.5425     280.04    0.00268926
```

ln हा अकरावीचा भाग आहे, पण बटण दाबायला अकरावी लागत नाही. आकडे सारख्याच पटीने बदलत असतील तर ln घेतल्यावर ते सारख्या पायऱ्यांनी बदलतात, एवढं सांगितलं तरी चालतं. फक्त शीटमध्ये LN लिहायचं, LOG नाही. LOG म्हणजे दहाच्या पायाचा लॉगॅरिदम. उलट बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये log() म्हणजेच ln. शीटमध्ये LOG वापरून A, B, C काढले आणि बोर्डात log() ठेवलं की जे बाहेर पडतं त्याला तापमान म्हणता येत नाही.

आता पहिल्या ओळीतून दुसरी वजा करा, पहिलीतून तिसरी वजा करा. A दोन्ही वेळा उडून जातो आणि दोन चलांतली दोन समीकरणं उरतात:

```
1.7745 B + 481.09 C = 0.00045740
3.8372 B + 838.25 C = 0.00097174
```

क्रेमरची पद्धत वापरा किंवा लोप करा. फळ्यावर एका मुलाने सोडवलं आणि शीटमध्ये सगळे दशांश ठेवून पडताळलं तेव्हा हे आलं:

```
A = 1.1312e-3
B = 2.3447e-4
C = 8.593e-8
```

C धन आला. मग बाजूला ठेवलेला माठ. ९.८५ किलो-ओहमचा ln म्हणजे 9.1952. समीकरणात घातला, १/T = 0.00335398 आलं, त्याचा व्यस्त २९८.१५ केल्व्हिन, म्हणजे २५.० अंश. ज्या पाण्याबद्दल समीकरणाला काहीच सांगितलं नव्हतं, त्याचं तापमान त्याने बरोबर सांगितलं. इतकं नेमकं जुळणं थोडं नशिबाचंही आहे. आमच्या थर्मामीटरवर एक-एक अंशाच्याच रेघा आहेत, दोन रेघांमधलं नजरेनेच वाचतो. २४.७ किंवा २५.३ आलं असतं तरी मी समाधानी असतो. एक अंशाचा फरक पडला असता तर पुन्हा शोधाशोध.

बोर्डातला भाग तीन ओळींचा आहे. ९८६० हा सोबतच्या स्थिर रोधकाचा आकडा. त्याच्यावर १० किलो-ओहम लिहिलेलं होतं, पण त्याच मल्टिमीटरने मोजलं तर ९.८६ भरला. थर्मिस्टर ग्राउंडच्या बाजूला जोडलेला आहे:

```
float R = 9860.0 * adc / (1023.0 - adc);
float L = log(R);
float t = 1.0 / (A + B*L + C*L*L*L) - 273.15;
```

इथे एका मुलाची फजिती सांगायलाच हवी. शीटमध्ये खाना अरुंद असल्याने A = 0.0011, B = 0.0002 आणि C = 0.0000 असं दिसत होतं. त्याने प्रामाणिकपणे तेच बोर्डात उतरवलं. माठाच्या थंड पाण्याचं तापमान आलं ६७ अंश! नुसतं दिसतं तेवढं उतरवू नये, दशांश वाढवून चार-पाच सार्थ अंक घ्यावेत, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, पण ६७ अंशांच्या माठाने ते जसं समजावलं तसं मला जमलं नव्हतं.

आता बिंदू घेण्यातल्या दोन-तीन गोष्टी, कारण समीकरण सोपं आहे, खरी मेहनत पाण्यात आहे. बर्फ बारीक फोडून पेला काठोकाठ भरायचा आणि फटी भरतील एवढंच पाणी ओतायचं. बर्फ वर तरंगतोय आणि खाली नुसतं पाणी, अशा पेल्याच्या तळाला ० अंश नसतात. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, ते तळाशी जाऊन बसतं. सेन्सर बर्फाच्या मधोमध हवा. कुल्फीवाल्याकडून बर्फ आणणार असाल तर त्याच्या पेटीतला मीठ घातलेला आणू नका. तो शून्याच्या बराच खाली असतो, आणि पेल्यात पाहून ते कळत नाही. उकळत्या पाण्यात सेन्सर पातेल्याच्या बुडाला टेकू द्यायचा नाही, आणि हे काम मोठ्या माणसानेच करायचं. सेन्सरच्या जोडावर पाणी शिरलं तर पाण्यातून वीज वाहते, रोध कमी भरतो आणि तापमान खोटंच जास्त दिसतं. ओळखायची खूण अशी की रोध एका आकड्यावर थांबत नाही, हळूहळू उतरतच राहतो. असा सेन्सर पुसून, वाळवून, सुक्यात पुन्हा मोजून बघा. म्हणून मी उघड्या मण्याऐवजी स्टीलच्या नळीत बंद केलेला थर्मिस्टर घ्यायला सांगतो, थोडे पैसे जास्त गेले तरी.

काही शिक्षक विचारतील की मोजायची आहे खोली, पंधरा ते पंचेचाळीस अंश, मग उकळत्या पाण्याचा खटाटोप कशाला. प्रश्न रास्त आहे. मीही आता बर्फ, माठ आणि तापाचं थर्मामीटर हे तीनच बिंदू पुरेसे मानेन, पण त्यासाठी माठातलं थर्मामीटर चांगलं हवं आणि चौथ्या बिंदूसाठी आणखी एक ठिकाण हवं. आमच्याकडे भरवशाचं एकच होतं, तापाचं. बर्फ आणि उकळतं पाणी यांना थर्मामीटर लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे. उकळत्या बिंदूवर दोन-तीन दशांशांची शंका राहिली तरी, ० आणि ३९ पक्के असतील तर खोलीच्या तापमानाला तिचा परिणाम अंशाच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकाच उरतो. उलट ७०-८० अंशांचा ड्रायर मोजायचा असेल तर ती शंका साधारण निम्म्याने उत्तरात येते. शेवटच्या बिंदूच्या पलीकडे तर समीकरणावर विश्वासच ठेवू नये.

एक मर्यादा आमच्या मोजमापात राहिलीच, ती लपवत नाही. कॅलिब्रेशन पाण्यात केलं आणि वापर हवेत. मोजताना थर्मिस्टरमधून वीज वाहते आणि तो स्वतःच किंचित तापतो. ५ व्होल्ट आणि वरचे रोध धरले तर २५ अंशांना त्यात साधारण ०.६ मिलिवॉट खर्च होतात. पाणी ही उष्णता लगेच ओढून घेतं, स्थिर हवा घेत नाही. मण्याच्या आकाराप्रमाणे हवेत दोन-चार दशांश जास्त दिसू शकतात. उपाय सोपा आहे. थर्मिस्टरला सतत वीज न देता बोर्डाच्या एका पिनवरून फक्त मोजण्यापुरती द्यायची, मिनिटातून एकदा. आम्ही ते नंतर केलं. तसंही दोन खोल्यांतला फरक काढताना दोन्ही सेन्सर सारखेच तापतात, म्हणून ही चूक वजाबाकीत बरीचशी जाते.

मग दुसऱ्या सेन्सरचीही तीच पाण्याची फेरी केली, त्याचे वेगळे A, B, C काढले आणि दोघांना पुन्हा एका पेल्यात घातलं. फरक एका दशांशाच्या आत आला. खोल्या पुन्हा आठवडाभर मोजल्या. पत्र्याची खोली दुपारी दोनला दोन अंशांनी जास्त गरम भरली. तीन नाही, दोन.

मुलं हिरमुसली, हे कबूल करतो. एकाने विचारलंही, 'सर, तीनच लिहू की. कोण तपासणार हाय?' मी काही बोलायच्या आत माठातल्या पेल्याची शोधक मुलगी म्हणाली, 'त्यांनी दोन्ही सेन्सर एका पाण्यात घातले तर?'

माझी परीक्षक होणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे की सेन्सरच्या प्रकल्पासमोर उभं राहून 'किती दाखवतं' याऐवजी 'समीकरणाला न दाखवलेला बिंदू कोणता, आणि तिथे किती चुकलं' असं विचारा. ज्या मुलाने तिथे ०.४ चुकलं असं लिहिलंय, त्याला 'एरर शून्य' लिहिणाऱ्यापेक्षा जास्त गुण द्या. पालकांनाही सांगतो, मुलाने घरातलं तापाचं थर्मामीटर शाळेत मागितलं तर द्या. फक्त परत आल्यावर साबणाने धुऊन घ्या.

अर्जात शेवटी 'दोन अंश, अर्धा अंश इकडे-तिकडे' असं लिहून गेलं, सोबत वरचा तक्ता जोडला. समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारलं, 'हे ९८.७ काय आहे? पाणी तर शंभरला उकळतं ना?' त्या दिवशी बैठकीचा निम्मा वेळ पत्र्यापेक्षा त्याच्यावरच गेला.